मच की मेनी? मराठीतलं अनेकवचन बाजूला ठेवा

पिंपळगावचा माझा एक मित्र द्राक्षं बाहेर पाठवतो. परवा परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायची मेल त्याने मला आधी दाखवली. त्यात होतं, ‘वी हॅव मेनी स्टॉक, बट लिटल बॉक्सेस आर रेडी.’ शब्दसाठा ठीक होता, फक्त जोड्या उलट्या लागल्या होत्या.

जोडी तपासायची असेल तर आधी नाम शोधा आणि त्याच्यापुढे ‘टू’ लावून पाहा. टू बॉक्सेस चालतं, म्हणून बॉक्सला मेनी आणि फ्यू. टू स्टॉक्स इथे चालत नाही, कारण हा माल ढिगाने असतो. त्याला मच आणि लिटल.

आपण अडकतो ते मराठीमुळे. ‘पैसे संपले’, ‘केस गळाले’, ‘तांदूळ निवडले’ ही सगळी आपली अनेकवचनं. म्हणून तोंडात सहज ‘मेनी मनी’ येतं. इंग्रजीत मनी, हेअर, राइस मोजत नाहीत. मोजायचंच असेल तर भांडं आणा: मेनी बॅग्ज ऑफ राइस. इथे मेनी पोत्यांना लागलं आहे, तांदळाला नाही.

काही नामं मात्र दोन्हीकडे जातात, आणि तिथे मराठीच मदतीला येते. बाजारातून ‘चार कांदे’ आणतो, पण भाजीत ‘कांदा जास्त’ होतो. इंग्रजीतही तसंच: हाऊ मेनी अनियन्स म्हणजे किती नग, टू मच अनियन म्हणजे चिरून टाकलेला जास्त झाला. लासलगावच्या आवारात उभं राहून दोन्ही वाक्यं म्हणता येतील, अर्थ तेवढा बदलेल.

आता त्या एवढ्याशा ‘अ’कडे पाहा, मला तर सगळ्यात घातक चूक हीच वाटते. ‘फ्यू बॉक्सेस आर रेडी’ म्हणजे ‘थोडीच खोकी तयार आहेत’, जवळजवळ नाहीतच. ‘अ फ्यू बॉक्सेस’ म्हणजे ‘थोडी तयार आहेत’. मराठीत जे काम ‘च’ करतो, ते इंग्रजीत ‘अ’ नसल्याने होतं. लिटल आणि अ लिटलचंही तसंच. मित्राची दीडशे खोकी बांधून तयार होती. त्याने लिटलच्या जागी नुसतं फ्यू घातलं असतं, तर व्याकरण बरोबर आणि गिऱ्हाईक मात्र धास्तावलेलं.

साध्या होकारार्थी वाक्यात मच जरा अवघडल्यासारखं वाटतं. ‘वी हॅव मच स्टॉक’ कोणी म्हणत नाही. मच प्रश्नात आणि नकारात ठेवा, होकारात ‘अ लॉट ऑफ’ वापरा. ते दोन्ही प्रकारच्या नामांना चालतं.

मेल शेवटी अशी गेली: ‘वी हॅव अ लॉट ऑफ स्टॉक, अँड अ फ्यू बॉक्सेस आर रेडी.’ मधलं ‘बट’ही काढलं, कारण आता तक्रार उरली नव्हती. खाली ‘मेनी इन्फर्मेशन्स’ होतं, त्याला ‘टू’ लावून बघ म्हटलं. ‘टू इन्फर्मेशन्स’ असं मोठ्याने म्हणून तो स्वतःच हसला.