हृदयचक्राचा आलेख वाचण्याआधी: तयारीची यादी

बारावीच्या किंवा नीटच्या पेपरात हृदयचक्राचा आलेख दिसला की बहुतेकांची नजर आधी शिखरावर जाते, कारण १२० चा आकडा पाठ असतो. पण परीक्षक शिखराबद्दल क्वचितच विचारतो. तो विचारतो त्या जागांबद्दल, जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात. म्हणून परीक्षेआधी हा आलेख एकदा कोऱ्या कागदावर स्वतः काढून बघा. पट्टी आणि तीन रंगांच्या पेन्सिली पुरतात.

काढण्याआधी अक्ष वाचायची सवय लावा. आडव्या अक्षावर सेकंद असतात, उभ्या अक्षावर पाऱ्याचे मिलिमीटर. उभा अक्ष १२० पर्यंत जात असेल तर ती डावी बाजू. रेषांची ठेवण तशीच, पण शिखर २५ च्या आसपास असेल, तर तो उजवा निलय आणि फुप्फुस धमनी. एका ठोक्याला दोन्ही बाजूंनी रक्त मात्र सारखंच बाहेर पडतं, साधारण ७० मिलिलिटर. ‘डाव्या बाजूचा दाब जास्त म्हणून रक्तही जास्त’ हा पर्याय हमखास दिलेला असतो.

मग रेषा ओळखा. नावं दिलेली नसली तरी अडत नाही. जी रेषा जवळजवळ शून्यापासून १२० पर्यंत झेप घेते ती डाव्या निलयाची, म्हणजे क्लासमध्ये ज्याला व्हेंट्रिकल म्हणतात त्याची. जी ८० च्या खाली उतरत नाही ती महाधमनीची. तळाशी लहानसहान उंचवटे घेत रेंगाळते ती अलिंदाची.

आता खरं काम. झडप स्वतःहून उघडत किंवा मिटत नाही, ज्या बाजूला दाब जास्त त्याप्रमाणे ती ढकलली जाते. एवढं एक वाक्य धरून समजा असा आलेख सोडवू: चक्र ०.८ सेकंदांचं आणि पहिल्या ०.१ सेकंदात अलिंद आकुंचन पावतं. ०.१० ला निलयाची रेषा अलिंदाच्या रेषेला छेदून वर जाते. निलयातला दाब आता जास्त, म्हणून द्विदली झडप मिटली, पहिला ‘लब्’ ऐकू आला. ०.१५ ला तीच रेषा ८० वर महाधमनीला गाठते आणि अर्धचंद्राकृती झडप उघडते. ०.४० ला ती महाधमनीच्या खाली येते, ही झडप मिटते, ‘डब्’. ०.४६ ला ती अलिंदाच्याही खाली उतरते आणि द्विदली झडप पुन्हा उघडते. चारही छेदबिंदूंवर पेन्सिलीने उभ्या रेघा मारा आणि प्रत्येक रेघेखाली कोणती झडप, उघडली की मिटली, ते लिहा.

रेघा मारल्या की सगळ्यात फसवा प्रश्नही सुटतो: डाव्या बाजूच्या दोन्ही झडपा एकाच वेळी बंद कधी असतात? ०.१० ते ०.१५ आणि ०.४० ते ०.४६. या दोन फटींत निलयाचा दाब बदलतो, पण आतलं रक्त तेवढंच राहतं. खाली आकारमानाचा आलेख जोडलेला असेल तर तिथे रेषा सपाट दिसायला हवी. दिसत नसेल, तर तुमची रेघ चुकलेल्या जागी आहे.

शिखर उतरायला लागलं म्हणजे झडप मिटली, ही चूक मी वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिली आहे. शिखर ०.२५ च्या सुमारास येतं, झडप ०.४० ला मिटते. मधल्या वेळात दाब उतरत असतानाही रक्त बाहेर जातच असतं. (खऱ्या हृदयात शेवटच्या क्षणी महाधमनीचा दाब किंचित वर गेला तरी वेगामुळे रक्त थोडा वेळ पुढेच जातं, पण परीक्षेत छेदबिंदूच धरायचा.)

ठोके मोजायला सांगितले तर एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर घ्या, आलेखाच्या डाव्या कडेपासून नको. शिखरं ०.२५ आणि १.०५ ला असतील तर अंतर ०.८, आणि ६० भागिले ०.८ म्हणजे मिनिटाला ७५ ठोके.

हृदयाच्या आकृतीसाठी वेगळी तयारी फारशी लागत नाही. पेशंट तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं समजा, म्हणजे कागदाची उजवी बाजू ही हृदयाची डावी. खात्री भिंतीवरून करा: जाड भिंत डाव्या निलयाची. हे ठरलं की मगच झडपांना नावं द्या, त्रिदली हृदयाच्या उजवीकडे, द्विदली हृदयाच्या डावीकडे. रंग भरताना हात थांबतो तो फुप्फुस धमनीपाशी. धमनी असूनही ती निळी, कारण धमनी हे नाव रक्त हृदयापासून दूर नेते म्हणून मिळतं, त्यात ऑक्सिजन किती आहे यावरून नाही.