तिकीट बंद, सर्टिफिकेट एक्स्पायर : या चुका टाळा

ट्रॅकरमध्ये सर्टिफिकेटचं आवर्ती तिकीट लावताना बहुतेक जण डोळे झाकून एक पर्याय निवडतात : 'आधीचं बंद झालं की इतक्या दिवसांनी नवं उघडा'. घोळ सुरू होतो तो इथेच.

समजा, लेट्स एनक्रिप्टचं ९० दिवसांचं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट आहे आणि डीएनएसमधली टीएक्सटी नोंद हाताने घालावी लागते, म्हणून ते आपोआप रिन्यू होत नाही. तिकीट दर ६० दिवसांनी. २ मार्चला कुणीतरी काम वेळेत केलं, म्हणजे नवी मुदत ३१ मे. पण तिकीट बंद करायचं राहिलं. ५ एप्रिलला साफसफाई करताना कुणीतरी ते बंद केलं. ट्रॅकरने तिथून ६० दिवस मोजले आणि पुढचं तिकीट उघडलं ४ जूनला. साइट चार दिवस आधीच बंद. काम वेळेवर झालं होतं, उशीर फक्त क्लिकला झाला.

म्हणून पुढची तारीख बंद केल्याच्या दिवसावरून कधीच मोजू नका. तिकिटात 'मुदत संपते' असं तारखेचं वेगळं फील्ड ठेवा आणि ड्यू डेट त्याच्या ३० दिवस आधीची लावा. लेट्स एनक्रिप्ट आठवणीचे मेल पाठवायचं, पण २०२५ च्या जूनपासून तेही बंद झालेत. त्यांच्या भरवशावर राहू नका.

दुसरी चूक म्हणजे 'रिन्यू केलं' एवढंच लिहून तिकीट मिटवणं. डिस्कवर नवी फाइल आली तरी nginx रीलोड होईपर्यंत मेमरीतलं जुनंच सर्टिफिकेट देत राहतो. फाइल उघडून तारीख बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. तपासायचं ते बाहेरून :

```
echo | openssl s_client -connect example.com:443 -servername example.com 2>/dev/null | openssl x509 -noout -enddate
```

यातली `notAfter` ची ओळ तिकिटात चिकटवल्याशिवाय बंद करू द्यायचं नाही. ती वेळ जीएमटीत असते, आपली साडेपाच तास पुढे. लोड बॅलन्सरमागे चार सर्व्हर असतील तर चारही वेगवेगळे तपासा. एकावर बघून चौघांवर टिक मारणारे घाईवाले कमी नाहीत.

अ‍ॅक्सेस रिव्ह्यूत वेगळीच तऱ्हा. तिमाहीचं तिकीट येतं, मॅनेजर मागच्या वेळचीच एक्सेल उघडतो आणि सगळ्यांसमोर 'ठेवा' लिहितो. यादी त्याच दिवशी थेट सिस्टिममधून काढा, शेवटच्या लॉगिनसकट, आणि ती तिकिटाला जोडा. ज्यांचा अ‍ॅक्सेस काढायचा ठरला त्यांची उप-तिकिटं करा. ती बंद होईपर्यंत मुख्य तिकीट उघडंच राहील. स्वतःच्या नावासमोर स्वतः टिक मारणं चालत नाही.

आणि आवर्ती तिकीट एका माणसाच्या नावावर लावू नका. तो नोकरी सोडून गेला की तिकिटं त्याच्या बंद खात्यात जमा होत राहतात.