बातमी तळातून कापताना या चुका टाळा

नाशिकच्या शहर आवृत्तीच्या डेस्कवर मी बरीच वर्षे पान लावले आहे. रात्री साडेदहाला जाहिरात विभागाकडून फोन येतो, पाच कॉलमची जाहिरात वाढते आणि तयार बातमीसाठी मोकळी जागा आठ ओळींनी आखडते. अशा वेळी नवा उपसंपादक एकच गोष्ट करतो. कर्सर शेवटच्या परिच्छेदावर नेतो, आठ ओळी निवडतो आणि डिलीट दाबतो. बातमी महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, म्हणून तळातले आधी जावे, हे त्याला शिकवलेले असते आणि ते खरेही आहे. खिळे जुळवण्याच्या काळात शेवटच्या ओळी उचलून बाजूला ठेवणे हाच सर्वांत वेगवान उपाय होता. मात्र बातमी खरोखर त्या क्रमाने लिहिलेली आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तळाला हात लावू नये.

यातली सर्वांत महाग चूक म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू कापून टाकणे. आपले बहुतेक वार्ताहर आरोप वर घालतात आणि खुलासा शेवटी जोडतात, कारण समोरची व्यक्ती उशिरा फोन उचलते आणि तिचे म्हणणे बातमी लिहून झाल्यावरच हाती येते. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या ठेवीदारांची तक्रार आमच्याकडे आली होती. चौतीस ओळींची बातमी होती आणि जागा सव्वीस ओळींची. मी घाईत तळातल्या आठ ओळी उडवल्या, पान सोडले आणि घरी गेलो. त्या आठ ओळींत संस्थेच्या अध्यक्षांचे म्हणणे होते: आरोप निराधार आहेत आणि छोट्या ठेवी पुढच्या सोमवारपासून परत दिल्या जातील. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास अध्यक्ष स्वतः कार्यालयात आले, वार्ताहराच्या मूळ फाइलची प्रत मागितली आणि आम्ही त्यांचे म्हणणे विचारूनही छापले नाही, हे आमच्याच कागदावरून दाखवून दिले. पुढच्या अंकात त्याच पानावर खुलासा छापावा लागला आणि वार्ताहराला माझ्या चुकीबद्दल बोलणी खावी लागली.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. बातमीत कोणावर ठपका असेल, तर कापायला बसण्याआधीच त्याच्या बाजूचे वाक्य शोधतो, उचलतो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात आणून ठेवतो. सहा ओळींचा खुलासा दोन ओळींत बसवता येतो, पण तो शून्यावर नेता येत नाही.

दुसरी चूक मथळ्याशी असलेला धागा तोडण्याची. समजा पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची एकतीस ओळींची, सात परिच्छेदांची बातमी आहे आणि जागा चोवीस ओळींची आहे. म्हणजे सात ओळी जायला हव्यात. सातवा परिच्छेद गेल्या वर्षीच्या पुराची आठवण देणारा आणि चार ओळींचा. तो निश्चिंतपणे जाऊ द्यावा. सहावा पाच ओळींचा आहे आणि त्यात रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याचे लिहिले आहे. नाशिककर पुराची पातळी त्या मूर्तीवरूनच ओळखतात, त्यामुळे मथळाही नेमका ‘दुतोंड्याच्या कमरेला पाणी’ असा केलेला असतो. तळातून सरळ कापत गेले तर दुतोंड्या बातमीतून जातो आणि मथळ्यात राहतो. सकाळी पंचवटीतला वाचक संपूर्ण मजकूर धुंडाळतो आणि त्याला मारुती सापडत नाही.

म्हणून सहावा परिच्छेद ठेवावा आणि पाचवा पाहावा. तो तीन ओळींचा आहे: जलसंपदा विभागाच्या अधिकाऱ्यांनी नदीकाठच्या नागरिकांना सतर्क राहण्याचे आवाहन केले आहे. आवाहन इंट्रोतही आलेले आहे, त्यामुळे तो जाऊ शकतो. चार अधिक तीन, सात ओळी झाल्या. इथे मात्र बहुतेक जण थांबतात आणि फसतात, कारण सहाव्या परिच्छेदाची सुरुवात ‘त्यांनी पुढे सांगितले की’ अशी आहे. ‘त्यांनी’ म्हणजे कोणी, हे पाचव्यातच लिहिलेले होते. तिथे ‘जलसंपदा विभागाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की’ असे करावे लागते आणि एक ओळ वाढते. ती वसूल करण्यासाठी मी ज्या परिच्छेदाची शेवटची ओळ एका-दोन शब्दांची आहे असा परिच्छेद शोधतो. त्यातला एखादा ‘दरम्यान’ किंवा ‘यावेळी’ उडवला की लोंबकळणारा शब्द वर सरकतो आणि पूर्ण ओळ वाचते. या एका ओळीसाठी आणखी एक परिच्छेद बळी देणारे मी रोज पाहतो.

मथळ्याप्रमाणेच उपमथळा, फोटोओळ आणि चौकटही पुन्हा वाचाव्यात. ‘तीन मागण्या’ असे वर लिहून खाली दोनच उरल्या, तर त्याला स्पष्टीकरण नसते.

काही जण कापायचेच टाळतात आणि ओळींमधले किंवा अक्षरांमधले अंतर कमी करून मजकूर बसवतात. मला हा शॉर्टकट अजिबात मान्य नाही. देवनागरीत अक्षरांमधले अंतर घटवले की काना-मात्रा शेजारच्या अक्षरावर चढतात, आणि उलट दिशेने वाढवले तर शिरोरेषा तुटते. शिवाय एका बातमीच्या ओळी दाटल्या की शेजारच्या कॉलमच्या ओळींशी त्यांची पातळी जुळत नाही आणि पान लांबूनही बिघडलेले दिसते.

इनडिझाइनमधला लाल अधिक चिन्हाचा चौकोन हा नवशिक्यांचा तिसरा शत्रू आहे. चौकटीच्या तळाशी उजवीकडे तो दिसत असेल, तर चौकटीत न मावलेला मजकूर पुढे दडलेला आहे आणि तो छापला जाणार नाही. ‘दिसत नाही म्हणजे कापले’ असे समजून पान सोडणारे उपसंपादक आहेत. परिणामी बातमी अर्ध्या वाक्यावर संपते. Ctrl+Y दाबून स्टोरी एडिटर उघडावा, दडलेला मजकूर तिथे वाचावा, कुठे थांबायचे ते स्वतः ठरवावे आणि चिन्ह नाहीसे झाल्यावरच पुढे जावे.

लेख, रिपोर्ताज किंवा किस्सा सांगणारी बातमी तळातून कापू नये. तिथे शेवट मुद्दाम राखून ठेवलेला असतो, म्हणून मधला परिच्छेद कापावा.

आणखी एक सवय मी प्रत्येक नव्या मुलाला लावतो. कापलेला मजकूर डिलीट करायचा नाही. तो कट करून पानाच्या बाहेर, मोकळ्या पांढऱ्या जागेत वेगळ्या चौकटीत ठेवायचा. जाहिरात साडेदहाला वाढते, तशी साडेअकराला कधी कधी रद्दही होते. मागे एकदा तसे झाले तेव्हा आठ ओळींची जागा रिकामी झाली होती, वार्ताहराचा फोन बंद होता आणि मूळ फाइलवर कापलेली प्रत सेव्ह झालेली होती. त्या रात्री आम्ही त्या जागेत नदीचा जुना फोटो लावला.