पैसा कोणाचा, शिक्षण कशासाठी आणि परतायचे कशाला : कॅनडाच्या विद्यार्थी व्हिसासोबत जोडायचे पत्र

मी मूळचा अमळनेरचा असून गेली चौदा वर्षे ऑन्टारिओत राहतो. दरवर्षी धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पाच-सात मुले अर्जाची कागदपत्रे मला पाठवतात, आणि त्यांतील पत्रे वाचताना मला माझा २०११ सालचा पहिला अर्ज आठवतो, जो नामंजूर झाला होता. विद्यापीठाचे प्रवेशपत्र, प्रांताचे प्रमाणपत्र, इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी यांविषयी मी येथे लिहीत नाही. ती यादी सरकारी संकेतस्थळावर आहे आणि ती पाळली की काम होते. अडते ते अर्जदाराने आपला हेतू समजावून सांगणाऱ्या पत्रापाशी.

कॅनडाच्या नियमाप्रमाणे, मुदत संपल्यावर अर्जदार देश सोडून जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते, आणि ती पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. बहुतेक अर्जांत मुलाखत होत नाही. अधिकाऱ्यापुढे फक्त कागद असतात आणि कागदाबाहेरचे तो काहीही गृहीत धरत नाही. इथल्या माणसांचा हा स्वभाव मला पुढे आवडू लागला, कारण जे लिहून दिले त्यावरच निर्णय होतो. पण आपल्याकडे ‘घरचे चांगले आहेत, समजून घेतील’ अशी सवय असल्यामुळे पहिल्यांदा तो जड जातो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा अर्ज नाकारला गेला. ती चोपडा तालुक्यातली, अन्न तंत्रज्ञानातील बी.टेक., आणि जळगावजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात दोन वर्षे गुणवत्ता विभागात काम केलेली. नकाराच्या पत्रात ठरावीक वाक्ये होती, त्यांतून कारण कळत नव्हते. म्हणून तिची लेखी संमती घेऊन मी इथून माहिती अधिकाराखाली पाच डॉलर भरून अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या. असा अर्ज कॅनडाच्या नागरिकाला, कायम रहिवाशाला किंवा कॅनडात असलेल्या माणसाला करता येतो. तुमचे कोणी इथे असेल, तर पुन्हा अर्ज करण्याआधी या नोंदी अवश्य मागवा. तिच्या नोंदींत तीन मुद्दे होते : आधीच्या शिक्षणाशी व नोकरीशी या अभ्यासक्रमाचा संबंध स्पष्ट नाही, खात्यातील अलीकडच्या मोठ्या रकमेचा उगम दाखवलेला नाही, आणि परतण्याचे कारण ढोबळ आहे. तिन्हींचेही मूळ तिने अर्जाला जोडलेल्या पत्रात होते. ते एका एजंटाच्या नमुन्यावरून उतरवलेले होते. इथल्या आपल्याच काही मंडळींनीही असे ‘मंजूर झालेले’ नमुने पुढे पाठवण्याचा उद्योग चालवला आहे, आणि मला तो अतिशय चुकीचा वाटतो, कारण एका मुलाचे कारण दुसऱ्याच्या कामी येत नाही.

अभ्यासाच्या हेतूविषयी तिने लिहिले होते : ‘कॅनडातील शिक्षणाचा दर्जा जागतिक असून तेथील बहुसांस्कृतिक वातावरण मला आकर्षित करते.’ हे वाक्य कोणत्याही मुलाच्या पत्रात चालेल, म्हणूनच ते तिच्या पत्रात नको होते. मी तिला फोनवर विचारले, ‘कारखान्यात तुझे काम नेमके कुठे अडायचे?’ ती म्हणाली, ‘मामा, केळीचा माल आखातात पाठवताना कंटेनर उघडल्यावर देठाची कूज निघायची. आम्ही इकडे नमुने तपासायचो, पण वाटेत तापमान कुठे बिघडले हे शोधायची पद्धत आमच्यापाशी नव्हती.’ मी तिला हेच लिहायला सांगितले. नव्या पत्रात ती अडचण दोन वाक्यांत आली. त्यानंतर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील शीतसाखळी आणि अन्नसुरक्षा पडताळणी हे दोन विषय नावानिशी आले आणि त्यांचा त्या अडचणीशी असलेला संबंध आला. भारतात का नाही, या न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर तिने दिले : म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिने पाहिला होता, तो तिला चांगलाही वाटला, पण तिला हवा असलेला उद्योगातील प्रशिक्षणाचा टप्पा या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात होता. आपल्या देशातील संस्थांना नावे ठेवून परदेशाचे समर्थन करू नये. त्याने पत्र कमकुवत होते.

आता पैशाविषयी, आणि येथे मी लांबण लावणार आहे.

२०११ मध्ये माझ्या वडिलांच्या खात्यात रक्कम कमी पडत होती, म्हणून चुलत्यांनी चौदा लाख रुपये आमच्या खात्यात टाकले आणि सतराव्या दिवशी मी अर्ज भरला. पत्रात मी त्याविषयी एक अक्षर लिहिले नाही. शिल्लक दिसली म्हणजे झाले, असे मला वाटले. अर्ज नामंजूर झाला, एक वर्ष गेले, विद्यापीठाला भरलेली आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळाली नाही. आईने तेव्हा अहिराणीत एवढेच विचारले होते, ‘हाऊ पैसा कोना शे, हाई तू लिखं व्हतं का?’ अधिकाऱ्याचा प्रश्नही नेमका तोच असतो. खात्यात पैसा किती आहे यासोबतच तो कोणाचा आहे, कसा आला, किती दिवसांपासून आहे आणि शिक्षण संपेपर्यंत टिकेल का, हे त्याला पाहायचे असते. उसनी रक्कम खात्यात टाकून ती स्वतःची म्हणून दाखवू नका. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर पाच वर्षे कॅनडात प्रवेशबंदी होते.

भाचीच्या पहिल्या पत्रात ‘माझे आई-वडील सर्व खर्च करण्यास समर्थ आहेत’ एवढेच होते. दुसऱ्या पत्रात आम्ही हिशेब मांडला. पहिल्या वर्षाचे शुल्क २४,००० डॉलर, आणि १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना एकट्या विद्यार्थ्यासाठी राहण्याखाण्याचे दाखवावे लागणारे २२,८९५ डॉलर. डॉलरला ६४ रुपये धरून हे अनुक्रमे १५.३६ लाख आणि १४.६५ लाख झाले. शुल्क शैक्षणिक कर्जातून जाणार होते : बँकेने घर तारण घेऊन ३१ लाख मंजूर केले होते, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे शुल्कही त्यात बसत होते. राहण्याचा खर्च वडिलांच्या तीन वर्षे जुन्या मुदत ठेवींतून, ११ लाख, आणि आईच्या बचतीतून, साडेचार लाख, असा येणार होता. उरलेल्या पैशांत विमानाचे तिकीट. दुसऱ्या वर्षाच्या राहण्याचा भार आईच्या पगारावर, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि शेतीच्या उत्पन्नावर. प्रत्येक रकमेपुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक लिहिला. नोंदींत आलेली ती मोठी रक्कम म्हणजे मोडलेली एक ठेवच होती. ठेवीची पावती आणि खात्यातील नोंद शेजारी ठेवल्यावर एका ओळीत खुलासा झाला.

शेतीच्या उत्पन्नाबाबत खानदेशातल्या मुलांची एक खास अडचण असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे वडिलांच्या आयकर विवरणात फारसे काही दिसत नाही, आणि परदेशी अधिकाऱ्याला ती कुटुंबाची गरिबी वाटू शकते. म्हणून करमुक्तीची गोष्ट पत्रात एका वाक्यात सांगावी आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, केळी व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि त्याच रकमांच्या बँकेतील नोंदी एकत्र लावाव्यात. रोखीने घेतलेल्या पट्टीला बँकेत जोड नसते, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नका. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या शपथपत्रासह, जोडावे लागते, आणि ते स्वतः तपासा. भाचीच्या पहिल्या भाषांतरात ३.६४ हा आकडा एकर म्हणून उतरला होता. तो हेक्टरचा होता, म्हणजे नऊ एकर. शिवाय त्या सातबाऱ्यावर आजोबांसोबत दोन काकांचीही नावे होती. त्यातला आपला वाटा किती आणि पीक कोण घेते हे पत्रात लिहिले नाही, तर सगळी जमीन आपली असल्याचा दावा होतो, आणि तो टिकत नाही.

परतीच्या बेताविषयी मुले दोन टोके गाठतात. काही जण ‘माझे मातृभूमीवर प्रेम आहे’ असे लिहितात आणि काही ‘मी कधीही कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणार नाही’ अशी शपथ घेतात. दुसरे वाक्य लिहू नका. पुढे कधीतरी कायम राहण्याची इच्छा असणे इथल्या कायद्याला मान्य आहे, मात्र परवान्याची मुदत संपल्यावर जाण्याची तयारीही दिसली पाहिजे. जी शपथ पाळता येईल याची खात्री नाही, ती का घ्यावी? त्याऐवजी परत जाण्यात तुमचे काय हित आहे ते दाखवा. भाचीच्या जुन्या कारखान्याने निर्यात गुणवत्ता विभागात तिला परत घेण्याची तयारी लेखी दिली होती. पद आणि अंदाजे पगार त्यात होता.

कर्ज मोठे असेल, तर एक प्रश्न ओघाने येतो : भारतातल्या पगारात हे फिटणार कसे? तो टाळला, तर मुलगी इथेच कमावून फेडणार असा अर्थ निघतो. आम्ही तो स्वतःहून घेतला. शिक्षणाच्या काळातील व्याज आई भरणार, त्यानंतर दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत ३१ लाख फेडायला महिन्याला सुमारे ४१ हजारांचा हप्ता येतो, आणि तो भाचीच्या अपेक्षित पगारात आईच्या पगाराचा हातभार लावून निघतो, असे तीन वाक्यांत लिहिले.

पत्र दोन पानांपेक्षा वाढवू नका आणि ‘Client Information’ या रकान्यात जोडा. आधी नकार मिळाला असेल, तर अर्जातील प्रश्नाला ‘हो’ म्हणा आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात त्याची तारीख, अधिकाऱ्याचे आक्षेप आणि आता काय बदलले ते सांगा. सही करण्याआधी पत्रातील नोकरीच्या तारखा अर्जातील तारखांशी बोट ठेवून ताडून पाहा. भाचीच्या पत्रात जून होता, अर्जात जुलै, आणि कारखान्याच्या दाखल्यावर १ जुलै. आम्ही पत्र दुरुस्त केले आणि त्याच रात्री अर्ज भरला.