शेवटचं आवाहन सुरू होताच प्रेक्षक निघून जातात: माझा अनुभव

लक्षण असं: माझ्या यूट्यूब व्हिडिओंत रिटेन्शनचा, म्हणजे किती प्रेक्षक टिकून राहतात याचा, आलेख शेवटी "तर मित्रांनो" म्हणताच कोसळतो आणि कमेंटमध्ये फक्त "छान व्हिडिओ". आवाहन छोटं केलं, विनंतीचा सूर बदलला. काही फरक नाही. वैताग आला.

उपाय झाला तो असा. आधी समारोपाची चाहूल देणारं वाक्य काढलं. मग "तुम्हाला काय वाटतं?" ऐवजी आठवणीतून उत्तर देता येईल असा एकच प्रश्न ठेवला. रात्रीच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत: "काल झोपण्याआधी शेवटचं काय पाहिलंत? ते शोधायलाच फोन उचलला होता का?" त्यानंतर चार सेकंद शांतता, संगीतही नाही. "उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही," एवढंच सांगून एंड स्क्रीन. ती 5 ते 20 सेकंदांचीच ठेवता येते. सबस्क्राइबचं बटण तिथं मुकाट राहू द्या. तोंडी आग्रह झाला की प्रश्न विरतो.