स्पॅनिश सब्जंक्टिव: मराठीच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ यातलं ‘यावंस’ आपल्या रोजच्या बोलण्यातलं. त्यामुळे ‘क्येरो के बेंगास’ पटकन जमतं, ‘ब्येनेस’ हे साधं रूप तिथे कानाला खटकतं. (उदाहरणं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.) गडबड होते ती मराठीत ‘यावंस’ येत नाही, पण स्पॅनिशला ‘बेंगास’सारखं रूप, म्हणजेच सब्जंक्टिव, हवा असतो तिथे.

पहिली जागा आशेची. ‘तू वेळेवर पोहोचशील अशी आशा आहे’ असं मराठीत भविष्यकाळात म्हणतो, म्हणून ‘एस्पेरो के येगारास’ लिहिलं जातं. तिथे हवं:

एस्पेरो के येगेस आ त्येंपो. (तू वेळेवर पोहोचशील अशी आशा.)
एस्पेरो येगार आ त्येंपो. (मी वेळेवर पोहोचेन अशी आशा.)

आशा करणारा आणि पोहोचणारा एकच असेल, तर ‘के’ही गळतं आणि मूळ क्रियापद येतं. म्हणून आधी कर्ते मोजा: एक की दोन?

शंकेच्या वाक्यात नकार कुठे आहे, याकडे आपलं लक्ष जात नाही. ‘आना येईल असं वाटत नाही’ आणि ‘आना येणार नाही असं वाटतं’ ही दोन्ही वाक्यं आपण जवळपास एकाच अर्थाने बोलतो. स्पॅनिशमध्ये मात्र रूप बदलतं:

नो क्रेओ के आना बेंगा.
क्रेओ के आना नो ब्येने.

पहिल्यात ‘वाटणं’च नाकारलंय, म्हणून सब्जंक्टिव. दुसऱ्यात मी माझं मत ठामपणे मांडतोय आणि नकार त्या मताच्या आत आहे, म्हणून साधं रूप. ‘नो’ दिसला की सब्जंक्टिव, हा नियम फसवा आहे. ‘नो’ ‘के’च्या आधी आहे का, ते पाहा. ‘दूदो’ (मला शंका आहे) मध्ये मात्र नकार शब्दातच आहे: ‘दूदो के आना बेंगा’.

सगळ्यात चिवट चूक भावनेची. आना समोर बसली आहे, शंका कसली? तरीही:

से के एस्तास आकी. (तू इथे आहेस हे मला माहीत आहे.)
मे आलेग्रो दे के एस्तेस आकी. (तू इथे आहेस याचा आनंद आहे.)

मराठीत दोन्हीकडे ‘आहेस’. पण दुसरं वाक्य तिच्या असण्याची बातमी देत नाही. ते असणं गृहीत धरून त्यावर भावना व्यक्त करतं. म्हणूनच ‘सब्जंक्टिव म्हणजे अनिश्चितता’ ही पाठ केलेली व्याख्या इथे दगा देते. गोष्ट खरी आहे की खोटी हे विचारू नका. ‘के’नंतरची गोष्ट मी कळवतोय, की तिच्याबद्दल काही वाटतंय, हे विचारा. ‘मे दा पेना के’ (वाईट वाटतं की) आणि ‘मे सोरप्रेंदे के’ (आश्चर्य वाटतं की) यांनाही हीच कसोटी लावा.