पावसाळ्यात बंद खोलीत रॉकेलची चिमणी आणि वातीचा स्टोव्ह: धोका ओळखा, उजेड बदला

कळवा-दिघा भागात पारसिकच्या उतारावरच्या खोल्यांमध्ये पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडकीवर प्लास्टिक ठोकतात. वीज गेली की त्याच बंद खोलीत चिमणी लागते, आणि सिलिंडर संपलेला असला तर वातीचा स्टोव्हही पेटतो. या दोघांचा त्रास एकसारखा नाही. चिमणीची काजळी डोळ्यांना दिसते, स्टोव्हचा विषारी वायू दिसत नाही. म्हणून चिमणी आजच बंद करा. स्टोव्ह मात्र दुसरी सोय होईपर्यंत नीट वापरायला शिका.

आधी चिमणी. उघड्या वातीच्या दिव्यात जळलेल्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के भाग काजळी होऊन बाहेर पडतो. ५० मिली रॉकेल म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे ते संपेपर्यंत दहा बाय बाराच्या खोलीत ३ ग्रॅमच्या आसपास काजळी सुटते. पत्र्यावर दिसणारा काळा डाग हा तिचा थोडासाच भाग. बाकीची इतकी बारीक असते की तासन्तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाते. खात्री करायची असेल तर स्टीलची वाटी पक्कडीने धरून ज्योतीच्या टोकावर काही सेकंद ठेवा. काचेच्या कंदिलाची काजळी बरीच कमी असते, पण रॉकेल तोही जाळतोच.

आता स्टोव्ह. त्याची ज्योत निळी हवी. वातींभोवतीच्या भोकांच्या नळ्यांतून हवा येते, म्हणून रॉकेलची वाफ नीट जळते. वाती वरखाली झाल्या, भोकं काजळीने बुजली किंवा नळ्या तिरप्या बसल्या की ज्योतीची टोकं पिवळी होतात, भांड्याचं बूड काळं पडतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर वाती कात्रीने एका पातळीत कापा, नळ्या जुन्या टूथब्रशने साफ करून सरळ बसवा. पेटता स्टोव्ह उचलू नका आणि त्यात रॉकेल ओतू नका.

ज्योत निळी असली तरी खोली बंद नको. पेटवण्याआधी समोरासमोर दोन वाटा उघडा: दार आणि खिडकीचं वरचं टोक. प्लास्टिक वरून हातभर सोडून बाहेरच्या बाजूला छपरासारखं तिरकं बांधलं की पाणी आत येत नाही, हवा मात्र खेळते. काही जण वाती अगदी खाली करून भाजी मंद आचेवर तासभर ठेवतात. ते टाळा, कारण अर्धवट जळणं तिथेच वाढतं. विझवताना धूर आणि वास येतो, त्यामुळे त्यानंतरही दहाएक मिनिटं दार उघडं राहू द्या. खोलीत ऊब यावी म्हणून स्टोव्ह पेटता ठेवून झोपणं तर नकोच.

समजा, स्वयंपाक चालू असताना आईचं कपाळ दुखायला लागलं, थोड्या वेळाने मुलाला मळमळलं, बाबांना चक्कर आली. ताप कुणालाच नाही. हे अन्नातून झालं असेल असं वाटेल, पण एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकदम त्रास होणं आणि बाहेर गॅलरीत आल्यावर बरं वाटणं ही कार्बन मोनॉक्साइडची खूण आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. करोनानंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो: वायू चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा ९८ दिसू शकतो. आकड्यावर विसंबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, हाताशी असेल तर स्टोव्ह विझवा, पण त्यासाठी आत रेंगाळू नका. कुणी गुंगीत असेल, बरळत असेल किंवा गरोदर बाई असेल तर लगेच १०८ ला फोन करा आणि बंद खोलीत रॉकेल जळत होतं हे आवर्जून सांगा. मग डॉक्टर नेमकी तपासणी करून ऑक्सिजन लावतील.

उजेडासाठी चार्जिंगचा एलईडी बल्ब सगळ्यात सोपा. चिमणीचा उजेड साधारण १० लुमेन, म्हणजे स्वस्तातला एलईडीही तिच्या कितीतरी पुढे. हा बल्ब होल्डरमध्येच चार्ज होतो, तोही बटण चालू असेल तरच. त्यामुळे रोजच्या वापरातल्या दिव्याच्या जागी तो लावा. कपाटात ठेवलेला ऐन वेळी उतरलेला निघतो. वीज गेली की तो आपोआप लागतो, तेव्हा बटण बंद करू नका. सौर कंदील घेणार असाल तर विजेवरही चार्ज होणारा घ्या, कारण ठाण्याच्या जुलैत सलग चार दिवस ऊन न पडणं नवीन नाही. मेणबत्ती ठेवायचीच तर स्टीलच्या ताटलीत, पडद्यापासून लांब, आणि निजण्याआधी विझवून.